किंमत पाकिटाची, भाव किलोचा

तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानात अजूनही तांदळाची, डाळींची पोती तोंड उघडी ठेवून ओळीने मांडलेली दिसतात. प्रत्येक पोत्यात पुठ्ठ्याची एक पाटी खोचलेली असते आणि तिच्यावर जाड मार्करने लिहिलेले असते : कोलम ६४, तूरडाळ १३०, मसूर ९०. चौसष्ट म्हणजे कशाचे चौसष्ट, हे कोणी विचारत नाही. तो किलोचा भाव असतो. दोन पोत्यांमधला फरक गिऱ्हाईक उभ्या उभ्या जाणतो.

त्याच दुकानात पोत्यांकडून रॅककडे वळले की भाव नाहीसा होतो आणि उरते ती किंमत. मराठीत हे दोन शब्द उगीच वेगळे नाहीत. किंमत पाकिटाची असते, भाव मापाचा असतो. पाकिटे एकाच वजनाची असती तर एकावरून दुसरे कळले असते. पण पूर्वी ठरावीक वस्तूंना ठरावीक वजनांतच पाकिटे भरण्याचे जे बंधन होते, ते २०२१ मध्ये आवेष्टित वस्तूंच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीने काढून टाकले गेले. त्यामुळे पाचशे ग्रॅमच्या शेजारी साडेचारशे ग्रॅमचे पाकीट बसते, उंचीला आणि फुगवट्याला अगदी तेवढेच.

त्याच दुरुस्तीने कंपन्यांना पाकिटावर एमआरपीच्या जोडीने एकक दर छापायला सांगितले. मग दुकानदाराने वेगळा टॅग लावायचा कशाला? कारण पाकिटावरच्या आकड्याला दोन अडचणी आहेत. एक किलोपेक्षा कमी माल असेल तर दर ग्रॅमला द्यायचा, जास्त असेल तर किलोला, आणि तोही रुपयात, दोन दशांश स्थळांपर्यंत. (पाकीट नेमके एक किलोचे असेल तर एमआरपी हाच दर, म्हणून तो वेगळा छापावा लागत नाही.) शिवाय हा दर एमआरपीवर काढलेला असतो, दुकानदार कमी भावाने विकत असला तरीही.

पोह्यांचे उदाहरण घेऊ. इथले आणि पुढचे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. ५०० ग्रॅमचे पाकीट ३४ रुपयांना आहे आणि ४५० ग्रॅमचे ३२ रुपयांना. पहिल्याचा ग्रॅमचा दर येतो ०.०६८ रुपये, दुसऱ्याचा ०.०७११. दोन दशांशांपर्यंत आणल्यावर दोन्ही पाकिटांवर छापले जाते ०.०७. नियम पाळला गेला आणि फरक पुसला गेला. किलोने काढले तर पहिले पोहे ६८ रुपयांचे आहेत, दुसरे ७१ रुपयांचे. स्वस्त मालातच हे जास्त होते, आणि नेमका तोच माल घरात रोज लागतो.

म्हणून टॅगचा पहिला नियम असा की एका जातीच्या मालाला एकच माप. पोहे, रवा, चहा, साखर यांना किलो. जिरे, मोहरी, हिंग यांना शंभर ग्रॅम, कारण हिंगाचा किलोचा भाव वाचून कोणालाच काही उमगत नाही. पाकीट पन्नास ग्रॅमचे असो की दोन किलोचे, त्या कप्प्यात माप बदलायचे नाही. चहावर हे चटकन दिसते. पाव किलोचा पुडा १४० रुपये, अर्ध्या किलोचा २६५, किलोचा ५४०. टॅगवर किलोचे भाव शेजारी शेजारी येतात : ५६०, ५३०, ५४०. मोठा पुडा सगळ्यांत स्वस्त असणार हा घरोघरीचा समज इथे खोटा ठरतो. पुड्यांवरच्या छापील दरांवरून हे कळायला ०.५६ आणि ०.५३ यांना मनात हजाराने गुणावे लागते, आणि किलोच्या पुड्यावर तर वेगळा दर छापलेलाच नसतो.

खाद्यतेलाला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. शेजारच्या पिशवीवर ८५० ग्रॅम लिहिलेले असते आणि दोन्ही पिशव्या दिसायला जुळ्या बहिणी. लिटरची पिशवी १५० रुपये, ८५० ग्रॅमची १४४. घाईतला माणूस सहा रुपये वाचले म्हणून दुसरी उचलतो. वजनाने पाहिले तर पहिले तेल किलोला १६५ पडते, दुसरे १६९. डब्यांचेही तसेच : पंधरा लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडे वर असते, पंधरा किलोचा डबा वेगळा. तेलाचे आकारमान उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलते, वजन बदलत नाही, आणि लिटरच्या पिशवीवरही ग्रॅम छापलेले असतात. तेव्हा तेलाचा टॅग किलोनेच करावा, हे बरे.

हा हिशेब हाताने करू नये. संगणकावर एक साधा तक्ता करावा : अ स्तंभात मालाचे नाव, ब मध्ये दुकानाचा विक्रीचा भाव, क मध्ये ग्रॅम. भाव आपोआप निघतो :

```
=ROUND(B2/C2*1000,0)
```

चूक होते ती तिसऱ्या स्तंभात. तिथे ‘500 g’ असे लिहिले की तक्त्याला तो आकडा न वाटता शब्द वाटतो आणि उत्तराऐवजी चूक दिसते, म्हणून नुसते 500 लिहावे. ‘किलोवर शंभर ग्रॅम मोफत’ असेल तर 1100. चार साबणांच्या जोडीत ७५ ग्रॅमची एक वडी असेल तर 300.

आता अक्षरांकडे. हातभर अंतर म्हणजे डोळ्यापासून टॅगपर्यंत साठ-सत्तर सेंटिमीटर. निकोप डोळ्याला चांगल्या उजेडात या अंतरावरून जेमतेम वाचता येणारे अक्षर सुमारे एक मिलिमीटर उंचीचे असते. पण किराण्यात येणारा माणूस डोळे तपासायला आलेला नसतो. एका हातात पिशवी असते, डोक्यावर एकच ट्यूबलाइट, आणि चाळिशी लागलेली असेल तर आणखी एक अडचण : वाचायचा चष्मा चाळीसेक सेंटिमीटरसाठी दिलेला असतो, म्हणून हातभर अंतरावर तो लावूनही धूसर दिसते आणि काढूनही. त्यामुळे गिऱ्हाइकाने वाचायचे सर्वांत लहान अक्षरसुद्धा तीन मिलिमीटरपेक्षा कमी नसावे.

बाजारात ए-४ आकाराचे स्टिकर कागद मिळतात, एका कागदावर ७० बाय ३७ मिलिमीटरचे चोवीस टॅग. एवढ्या जागेत मांडणी अशी बसते. वर एका ओळीत नाव आणि वजन, सोळा पॉइंटमध्ये. खाली डावीकडे पाकिटाची किंमत, चाळीस पॉइंटच्या आसपास, म्हणजे आकडा जवळपास एक सेंटिमीटर उंच. उजवीकडे फिक्या पिवळ्या चौकटीत भाव, किमतीच्या निदान निम्म्या उंचीचा, आणि त्याच्या डोक्यावर शब्दांत ‘किलोला’. पिवळी चौकट साऱ्या दुकानात एकाच जागी, एकाच रंगात. दोन-चार फेऱ्यांत गिऱ्हाइकाची नजर आपण होऊन तिथे जाऊ लागते. सर्वांत तळाशी बारीक अक्षरात टॅग छापल्याची तारीख. ती दुकानदारासाठी आहे, बारीक चालेल.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून एकाच पॉइंटमध्ये तिचे मूळ अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसते आणि दोन ओळींत जागाही जास्त लागते. ‘गूळ’ आणि ‘गहू’ यांचे ऊकार खालच्या आकड्याला चिकटले की टॅग गिचमिड दिसतो. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला ‘मुक्त’ हा फाँट फुकट मिळतो, जाडीचे सात प्रकार त्यात आहेत, आणि या कामाला तो छान चालतो. नावाला मध्यम जाडी घ्यावी, आकड्याला ठळक. पण अतिठळक नको, कारण 6, 8 आणि 9 यांची पोकळी बुजते आणि दुरून तिन्ही सारखेच दिसतात.

नावे मराठीत असावीत यात वाद नाही. आकडे मात्र 1, 2, 3 असेच ठेवावेत. पाकीट, वजनकाटा आणि बिल यांवर तेच आकडे असतात आणि टॅग त्यांच्याशी ताडून पाहता यायला हवा. शिवाय देवनागरीतले १ आणि ९, ५ आणि ६ दुरून एकमेकांसारखे भासतात. पैसे नसतील तर शून्ये लावू नयेत : 530.00 मधला टिंब हातभर अंतरावरून दिसत नाही आणि आकडा हजारांत गेल्यासारखा वाटतो.

छापताना सगळ्यांत जास्त घोळ प्रिंटरच्या एका खुणेने होतो. ‘Fit to page’ चालू राहिले तर पान थोडे आक्रसते आणि खालच्या ओळीतले टॅग कापाच्या रेषेवर सरकतात; ‘Actual size’ निवडावे. शाईच्या प्रिंटरची छपाई ओल्या बोटांनी पुसली जाते आणि थर्मल टॅग उन्हाने फिके पडतात, म्हणून लेझर छपाई बरी. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबचा उजेड चमकतो, त्याऐवजी मॅट घ्यावे.

या टॅगला मर्यादाही आहेत. काउंटरपलीकडून माल मागायच्या दुकानात गिऱ्हाईक रॅकपासून दोन मीटर लांब असते. तिथे हाच टॅग तिप्पट मोठा करावा लागेल. रॅकच्या तळच्या कप्प्यापासून उभ्या माणसाचा डोळाही जवळपास दीड मीटर दूर असतो. तिथे टॅग वर तोंड करून तिरका लावावा आणि मोठ्या आकाराचा घ्यावा.

टॅग बरोबर झाला की नाही हे संगणकाच्या पडद्यावर कळत नाही. एकच टॅग छापून रॅकवर लावावा, संध्याकाळी दुकानातल्याच उजेडात साठीच्या एखाद्या गिऱ्हाइकाला हातभर अंतरावर उभे करावे आणि विचारावे, “काका, हा चहा किलोला काय भाव?” त्यांनी १४० सांगितले तर ती चूक काकांची नाही. किमतीचा आकडा भावाला झाकतो आहे. किंमत थोडी लहान करून चौकट मोठी करावी आणि पुन्हा विचारावे.

यापुढे सांभाळायचे ते भाव बदलल्याच्या दिवशी. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे यांच्यावरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचवर आला, तेव्हा एकाच दिवसात कप्पेच्या कप्पे बदलावे लागले. एरवीही जुन्या आणि नव्या एमआरपीची पाकिटे एकाच कप्प्यात येतात. अशा वेळी दोन टॅग लावून माल दोन बाजूंना करावा, किंवा दोन्ही माल कमी किमतीने विकावा. जास्त किमतीचा एकच टॅग ठेवला तर जुन्या पाकिटाला एमआरपीहून जास्त पैसे घेतले जातात, आणि तो गुन्हा आहे.

सगळ्या दुकानाला एका दमात टॅग लावायची गरज नाही. चहा, तेल, पोहे, रवा, साबण यांनी सुरुवात करावी. एका कागदात चोवीस टॅग निघतात आणि पहिल्या आठवड्याला तेवढे पुरतात.