काळ, काम, वेग आणि कॅम्पस प्लेसमेंट

जून-जुलै उजाडला की इन्स्टाग्रामवर इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी रंगीत स्लाइड्सची गर्दी होते. अंगठ्याने सरकवत जायचं: पहाटे पाचला उठा, दिवसाचं वेळापत्रक करा, पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं विश्रांती घ्या, फोन दूर ठेवा. यातलं चुकीचं असं काही नाही. फक्त या स्लाइड्स बनवणाऱ्याने प्लेसमेंटच्या मोसमातला दिवस पाहिलेला नसावा. त्या दिवसात वेळ कमी असतो हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे तो तुकड्यांत येतो, आणि पुढचा तुकडा केव्हा मिळेल हे टीपीओलाही आदल्या संध्याकाळपर्यंत माहीत नसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी डोंबिवलीत राहते आणि कॉलेज नवी मुंबईत आहे. साडेसातला घर सोडायचं, ठाण्याला गाडी बदलायची, नऊचं लेक्चर गाठायचं. परत यायला साडेसहा वाजतात. हातपाय धुऊन, चहा घेऊन, जेवण उरकून दोन तास हाताशी उरतात. पाच दिवसांचे दहा, शनिवार-रविवार मिळून आणखी दहा, म्हणजे आठवड्याला 20 तास. त्यातले सहा तास असाइनमेंट, प्रॅक्टिकलच्या फायली आणि प्रोजेक्टमध्ये जातात. शिल्लक 14. ही बेरीज ऑगस्टच्या आधी कागदावर मांडलेली बरी, कारण वेळापत्रक आखताना बहुतेक मुलं मनातल्या मनात 30 तास धरतात आणि पहिल्याच आठवड्यात मागे पडतात.

या 14 तासांवर पहिला हक्क केटीचा. मागच्या सेमिस्टरचा एखादा विषय राहिला असेल तर इतर सगळं बाजूला ठेवून तो आधी काढायचा, कारण ‘एकही चालू बॅकलॉग नको’ ही अट बऱ्याच कंपन्या घालतात. कोडिंग कितीही चांगलं येत असलं तरी अशा ठिकाणी यादीतून नाव गळतं ते परीक्षेच्या आधीच.

केटी नसेल तर एक वाटणी अशी करता येते: कोडिंगला सहा तास, ॲप्टिट्यूडला तीन, डीबीएमएस आणि ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या विषयांना दोन, आणि तीन तास रिकामे. हे रिकामे तास पाहून मुलांना आळशीपणाची शंका येते. पण मोसम सुरू झाला की फॉर्म भरणं, कंपनीची ऑनलाइन टेस्ट, तिच्यासाठी रेझ्युमेत बदल या गोष्टी त्यातच बसवायच्या असतात. ते राखून ठेवले नाहीत तर दर वेळी कोडिंगचे तास खाल्ले जातात.

आता पंचवीस मिनिटांचं. ही ‘पोमोडोरो’ पद्धत फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन माणसाने 1980च्या दशकात, स्वतः विद्यार्थी असताना काढली. ॲप्टिट्यूडला ती छान बसते, कारण टेस्टचा एखादा विभागही साधारण तेवढाच असू शकतो. कोडिंगच्या टेस्टमध्ये मात्र बऱ्याचदा दोन प्रश्न आणि तास-दीड तास सलग असतो. पंचविसाव्या मिनिटाला उठायची सवय लागलेल्या मुलाचं लक्ष ऐन लॉजिक जुळत असताना विस्कटतं. म्हणून कोडिंगचे सहा तास आठवड्यात चार वेळा दीड-दीड तासाचे घ्यावेत. अर्धा तास डोकं खाजवूनही वाट सापडली नाही तर उत्तर वाचावं, आणि तीन दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या स्क्रीनवर, न बघता लिहावा. दुसऱ्यांदा लिहिताना अडलं तर समजायचं की वाचून कळलं होतं, येत नव्हतं.

ॲप्टिट्यूडमध्ये वेळ कुठे गळतो हे बघायला आपल्या मुलीची एक सराव टेस्ट उघडू. 25 मिनिटांत 20 प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे 75 सेकंद. तिने 13 सोडवले, त्यातले नऊ बरोबर आले. सात प्रश्नांना हातच लागला नाही. आकडे पाहून ती म्हणेल, ‘वेग कमी पडतोय’, आणि दुसरी टेस्ट लावेल. तसं न करता त्याच पेपरवर पुन्हा बसावं. घड्याळ न लावता ते सात प्रश्न सोडवले तेव्हा चार प्रश्न मिनिटाच्या आत सुटले. ते शेवटी होते. मध्ये गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ जणांच्या एकाच कोड्यात तिची सहा मिनिटं गेली होती. म्हणजे प्रश्न वेगाचा नव्हता, सोडून देण्याचा होता. दीड मिनिटात आकृती उभी राहिली नाही तर पुढे जायचं, एवढा एकच नियम तिला चार गुण देऊन गेला असता. काही टेस्टमध्ये मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही; ते सूचनांमध्ये आधी वाचावं, कारण तिथे ‘नंतर बघू’ असं काही नसतं.

रीत बदलल्यानेही सेकंद वाचतात. शाळेतल्या काळ-काम-वेगाचंच गणित घ्या: अ एक काम 12 दिवसांत करतो, ब 18 दिवसांत, दोघे मिळून किती दिवसांत? शाळेच्या सवयीने आपण अपूर्णांकांची बेरीज मांडतो. त्याऐवजी लसावि 36, म्हणजे काम 36 भागांचं धरा. अ रोज तीन भाग करतो, ब दोन. मिळून पाच, आणि 36 भागिले पाच, 7.2 दिवस. हे तोंडी होतं. म्हणून तीन तासांतला एक तास टेस्टला, एक त्याच टेस्टच्या तपासणीला आणि एक अशा रीती हातात बसवायला. तपासणीचा तास सगळ्यात आधी कापला जातो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे.

लोकलमधला वेळ? उभ्याने, बॅग पोटाशी धरून कोडिंग होत नाही. पण डेडलॉकच्या चार अटी, नॉर्मलायझेशन, ‘तुमच्या प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा काय’ याचं दोन मिनिटांचं उत्तर, हे मनातल्या मनात म्हणता येतं. मुलाखतीत हेच तोंडाने सांगायचं असतं.

काही कामं मात्र मोसमाच्या आधीच संपवायला हवीत. दहावी-बारावीच्या आणि प्रत्येक सेमिस्टरच्या गुणपत्रिका, आधार, पॅन, फोटो आणि एका पानाचा रेझ्युमे, सगळं एका फोल्डरमध्ये. सीजीपीएचे टक्के विद्यापीठाच्या सूत्राने एकदाच काढून लिहून ठेवावेत आणि प्रत्येक फॉर्ममध्ये तोच आकडा द्यावा. दोन फॉर्ममध्ये दोन आकडे गेले की कागदपत्रांच्या छाननीत उत्तरं देत बसावं लागतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी दोनला लिंक येते आणि पाचला बंद होते, तेव्हा गुणपत्रिका स्कॅन करायला झेरॉक्सच्या दुकानात धावणारी मुलं दर वर्षी दिसतात.

ड्राइव्हचा दिवस तर हिशेबातच धरू नये. साडेआठला सेमिनार हॉलमध्ये हजेरी, कंपनीचं प्रेझेंटेशन, टेस्ट, निकालाची वाट, मग नावं पुकारली जातील तशा मुलाखती. कधी रात्रीचे नऊ वाजतात. डबा आणि चार्जर सोबत हवा, आणि त्या दिवशीचे अभ्यासाचे तास शून्य लिहावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी कंपनी असेल तर रात्री नवीन काही उघडू नये; आज कुठला प्रश्न अडला, एवढंच वहीत टिपून झोपावं.

आणि निवड झालीच, तर बऱ्याच कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम असतो, म्हणजे तिथून पुढे त्या मुलीच्या 14 तासांतली टेस्ट आणि फॉर्मची कामं बहुतांशी थांबतात. ते तास ब्लॅक बुककडे आणि सेमिस्टरच्या पेपरांकडे वळवायचे असतात, कारण ऑफर लेटरमध्ये पदवी वेळेत, केटीशिवाय पूर्ण करण्याची अट बहुधा असतेच.