रीलमधलं रुटीन आणि नववीतला चेहरा

सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात आरोग्य मंडळाच्या तासाला विज्ञानाच्या बाईंनी भाषणाची सुरुवात फळ्यावर एक यादी लिहून केली. सकाळी दोन टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, त्यावर 'क' जीवनसत्त्वाचं सिरम आणि दहा टक्के नायसिनामाइड. रात्री पुन्हा तोच फेसवॉश, मग सात टक्के ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा टोनर आणि अर्धा टक्का रेटिनॉल. आठवड्यातून दोनदा लाल रंगाचं पीलिंगचं द्रावण, ज्यात तीस टक्के फळांची आम्लं आणि दोन टक्के सॅलिसिलिक. यादी लिहून होईपर्यंत मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली, कारण नावं ओळखीची होती. "ग्लास स्किन" म्हणून फिरणाऱ्या रील्समध्ये हीच नावं असतात.

"समजा, तुमच्याच वयाच्या एका मुलीने हे सगळं एका रीलमधून उचललं," बाई म्हणाल्या. "प्रत्येक बाटली वेगवेगळी वाचली तर काही वावगं दिसत नाही. आता एकत्र मोजू."

फेसवॉश दिवसातून दोनदा, म्हणजे आठवड्यात चौदा वेळा. टोनर सात वेळा. पीलिंग दोन वेळा. एका आठवड्यात तेवीस वेळा चेहऱ्यावर आम्ल. फेसवॉश अर्ध्या मिनिटात धुतला जातो, म्हणून त्याचे चौदा सोडून दिले, तरी त्वचेवर थांबून काम करणारं आम्ल नऊ वेळा येतं. त्यात रोज रात्रीचं रेटिनॉल मिळवलं की आकडा सोळावर जातो. म्हणजे अशी एकही रात्र नाही, जेव्हा त्वचेला सावरायला सवड मिळाली.

सवड का लागते? त्वचेचा सगळ्यात वरचा थर केसापेक्षाही पातळ असतो. तो मृत पेशींचा असला तरी निकामी नसतो. विटा आणि चुन्याची भिंत असते, तशी त्याची रचना. पेशी या विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेले स्निग्ध पदार्थ हा चुना. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरची धूळ, जंतू, रसायनं आत येऊ न देणं हे त्याचं काम. ग्लायकोलिकसारखी आम्लं पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतात, त्यामुळे वरच्या पेशी लवकर सुटतात. रेटिनॉल खालून नव्या पेशी तयार होण्याचा वेग वाढवतं. मोठ्या वयात, जेव्हा हा वेग मंदावलेला असतो, तेव्हा त्याचा उपयोग आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या त्वचेत पेशी मुळातच वेगाने बदलत असतात आणि कोलॅजनही भरपूर असतं. सुरकुत्या थांबवण्यासाठी केलेलं औषध तिथे लावलं तर थांबवायला काही नसतं. उरतो तो फक्त दाह.

रीलमध्ये जे दिसत नाही, ते बाईंनी आठवड्यांच्या क्रमाने सांगितलं. पहिल्या आठवड्यात चेहरा खरोखर गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो, कारण वरचा थर पातळ झालेला असतो. बहुतेक रील्स इथेच संपतात. दुसऱ्या आठवड्यात चेहरा धुतल्यावर ताणल्यासारखा वाटू लागतो आणि नेहमीचं साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं. ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. जे कालपर्यंत झोंबत नव्हतं ते आज झोंबू लागलं, तर भिंतीला भेग पडली असं समजायचं. तिसऱ्या आठवड्यात नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांशी साल निघते, गाल लाल होतात, बारीक पुरळ येतं.

याच टप्प्यावर मुलं सगळ्यात मोठी चूक करतात. पुरळ आलं की कमेंटमध्ये कोणीतरी लिहितं, "हे पर्जिंग आहे, घाण बाहेर पडतेय, थांबू नको." रेटिनॉल किंवा आम्ल सुरू केल्यावर आत दबलेले मुरुम काही आठवडे वर येऊ शकतात, हे खरं आहे. पण ते जिथे नेहमी मुरुम येतात तिथेच येतात. जळजळ, खाज, साल निघणं आणि पूर्वी कधी मुरुम न आलेल्या जागी पुरळ, म्हणजे तो दाह आहे. तो थांबण्याऐवजी आणखी लावलं, तर वाढतो. काहींच्या बाबतीत तर हा साधा दाह न राहता अ‍ॅलर्जी होते. ती लगेच दिसत नाही, लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी खाज आणि सूज घेऊन येते. शरीराने एखाद्या घटकाशी एकदा असं वैर धरलं की तो सहसा आयुष्यभर टाळावा लागतो. त्यात सुगंधी द्रव्यं आणि टिकवणारी रसायनंही येतात, आणि ती पुढे शॅम्पूपासून साबणापर्यंत कशातही भेटतात.

आपल्याकडच्या मुलांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे, जी परदेशी रीलमध्ये कधीच कळत नाही. गोऱ्या त्वचेवर दाह झाला की ती लाल होते आणि बऱ्याचदा काही दिवसांत निवळते. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी दाहाला लगेच प्रतिसाद देतात. लाली गेली तरी जागेवर तपकिरी किंवा काळपट डाग राहतो, आणि तो जायला कित्येक महिने लागतात. डाग घालवण्यासाठी लावलेल्या आम्लानेच नवे डाग पडतात, ते असे. त्यात फळांच्या आम्लांमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. वापर थांबवल्यावरही साधारण आठवडाभर ही हळवेपणाची अवस्था राहते. सकाळी सायकलवरून शाळा आणि दुपारी मैदानावर खो-खो, असं ज्यांचं वेळापत्रक आहे त्यांनी रात्री पीलिंग करणं म्हणजे डागांना आमंत्रण.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच चित्र आकड्यांत मांडलं. त्यांनी तेरा वर्षांचं वय सांगून टिकटॉकवर खाती उघडली आणि मुलींनी केलेले स्किनकेअरचे शंभर व्हिडिओ तपासले. २०२५ मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकात हा अभ्यास आला. व्हिडिओतल्या मुली सरासरी सहा उत्पादनं वापरत होत्या. त्यांचा महिन्याचा खर्च सरासरी १६८ डॉलर, म्हणजे सुमारे चौदा हजार रुपये. सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंत त्वचेला दाह करू शकणारे सरासरी अकरा घटक होते. एकच घटक दोन-तीन बाटल्यांतून जातोय, याचा करणारीला पत्ता नसावा, असंही संशोधकांना दिसलं. आणि सकाळच्या रुटीनपैकी जेमतेम चौथ्या हिश्शात सनस्क्रीन होतं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, स्वीडनमधल्या आपोटेक हियार्टाट या औषधविक्री साखळीने पंधरा वर्षांखालच्या मुलांना अशी तीव्र उत्पादनं विकण्यावर स्वतःहून निर्बंध घातले. आम्लं आणि 'अ' जीवनसत्त्व त्या यादीत होतं.

भारतात असं बंधन नाही. इन्फ्लुएन्सरने पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर ते स्पष्ट सांगितलं पाहिजे, असा नियम मात्र आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणून रील पाहताना "जाहिरात", "प्रायोजित", "पार्टनरशिप" हे शब्द कुठे बारीक अक्षरांत लिहिलेत का, ते आधी शोधायचं. लाल द्रावणाच्या रीलमध्ये चेहरा रक्ताने माखल्यासारखा दिसतो, म्हणून ती लोक थांबून बघतात. तशा एका प्रसिद्ध उत्पादनाच्या खोक्यावर मात्र दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लावू नका, संवेदनशील किंवा साल निघालेल्या त्वचेवर वापरू नका, असं स्पष्ट छापलेलं असतं. हे रीलमध्ये कोणी वाचून दाखवत नाही.

चेहरा भाजल्यासारखा झाल्यावर घरच्यांना सांगायची भीती वाटते. मग मुलं परस्पर औषधाच्या दुकानात जातात, आणि इथे खरा धोका सुरू होतो. दुकानदार एखादी "मिक्स" ट्यूब काढून देतो. तिच्यात अनेकदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळतो, आणि ट्यूब चालू राहते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते. ट्यूब बंद केली की चेहरा पेटल्यासारखा जळतो, म्हणून ती सोडवत नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असं वेगळं नावच दिलं आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, असा त्याचा अर्थ. ट्यूबवर लाल चौकटीतली सूचना दिसली की ती चेहऱ्याला लावायची नाही, एवढं सातवीतल्या मुलालाही कळू शकतं.

बाईंनी मुरुमांकडे मात्र दुर्लक्ष करा असं सांगितलं नाही. किशोरवयातले मुरुम हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. त्वचारोगतज्ज्ञ याच वयात अ‍ॅडापॅलीनसारखी रेटिनॉइड औषधं देतात. फरक देण्याच्या पद्धतीत आहे. एका वेळी एकच औषध, अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक रात्र सोडून एक रात्र, सोबत मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात. त्या काळात त्वचा कोरडी पडली तर डॉक्टर प्रमाण कमी करतात. रीलमध्ये हे प्रमाण बघणारं कोणी नसतं.

ज्यांना मुरुम नाहीत, त्यांच्यासाठी फळ्यावरची यादी पुसून तीन ओळी राहिल्या. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, साधं बिनसुगंधी मॉइश्चरायझर आणि सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन.

आणि ज्यांचा चेहरा आजच झोंबतोय, त्यांनी काय करायचं? सगळी आम्लं, रेटिनॉल आणि 'क' जीवनसत्त्वाचं सिरमही आजपासून बंद. दोन ते चार आठवडे फक्त वरच्या तीन गोष्टी. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांपैकी काहीही लावायचं नाही. डोळ्यांभोवती सूज आली, फोड आले, पाणी सुटलं किंवा आठवडाभरात उतार पडला नाही, तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. जवळ खासगी डॉक्टर नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या त्वचा विभागात दाखवता येतं. जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, ट्यूब आणि त्यांची खोकी पिशवीत घालून सोबत न्या, लपवलेलीसुद्धा. आई-वडिलांनी तेव्हा खर्चावरून बोलणं टाळावं, कारण एखादी ट्यूब घरी दडवून ठेवली गेली, तर डॉक्टरांना नेमकं कारण सापडत नाही.