खांद्यावरची शाल, फोटोतली

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की भिंतीवर लावण्यासाठी फोटोची शोधाशोध सुरू होते. हाती लागतो तो बहुतेकदा साध्या शर्टातला, ओसरीवर बसलेला, घाईत काढलेला एखादा जुना प्रिंट. मग स्टुडिओत सांगितलं जातं, "आजोबांच्या अंगावर शाल घालून द्या." शाल घातलीही जाते, पण पुष्कळदा ती चिकटवलेली दिसते. चेहरा ओळखीचा असतो, शाल भारी असते, तरी ती आजोबांनी पांघरलेली वाटत नाही.

याचं कारण सहसा एकच असतं. सपाट पसरलेल्या शालीचा फोटो घेऊन तो खांद्यांच्या आकारात कापलेला असतो. खरी शाल खांद्यांचा आकार घेत नाही. ती काही ठिकाणी टेकते आणि उरलेली त्या टेकांवरून खाली लोंबते. साधारण एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब असलेलं हे कापड बसलेल्या माणसाच्या अंगावर पाच जागी टेकतं : मानेमागे, दोन्ही खांद्यांच्या टोकांवर आणि दोन्ही कोपरांवर. कुठली चुणी कशी पडणार, हे या पाच जागा ठरवतात.

मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत शाल अंगाला लागून असते, म्हणून तिथे मोठ्या चुण्या पडत नाहीत. टोकापाशी आधार संपतो आणि तिथून लांब, नळीसारख्या चुण्या सरळ खाली उतरतात. त्या वर अरुंद असतात आणि खाली येता येता रुंदावतात. हात कोपरात वाकलेला असेल तर बाहेरच्या बाजूला कापड ताणून गुळगुळीत होतं आणि आतल्या बाजूला गोळा होऊन तुटक, कोनदार चुण्या पडतात. मांडीवर आलेल्या टोकाला लोंबण्याचं काम उरत नाही, त्यामुळे तिथल्या चुण्यांना ठरलेली दिशाच नसते. फोटोत खांद्यावर आडव्या चुण्या आणि कोपराच्या बाहेर सैल कापड दिसलं, तर ही शाल वेगळ्याच कशावर तरी पडलेली होती हे नजरेला लगेच कळतं. कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

चुण्या मनाने रचणं फार कठीण. लिओनार्दो दा विंची मातीच्या पुतळ्यांवर ओली फडकी पांघरून त्यांच्या घड्यांचे अभ्यास करत असे, असं वासारीने त्याच्या चरित्रात नोंदवलं आहे. त्याच्यासारख्या चित्रकारालाही कापड समोर लागत होतं. फोटोच्या कामातही सर्वांत उपयोगी पायरी संगणकासमोर बसण्याच्या आधीचीच आहे : शाल खऱ्या माणसाच्या अंगावर घालून तिचा फोटो काढणं.

एक काम नमुन्यादाखल पाहू. आजोबा खुर्चीत बसले आहेत, अंगात पांढरा शर्ट, डावा हात खुर्चीच्या हातावर, उजवा मांडीवर. उजेड फोटोच्या डावीकडून, ओसरीच्या उघड्या बाजूने येणारा, मऊ. अशा वेळी त्यांच्याच बांध्याच्या माणसाला पांढरा शर्ट घालून तशाच खुर्चीत, तसेच हात ठेवून बसवावं. पांढरा शर्ट मुद्दाम, कारण शालीच्या कडेला आतल्या कपड्याचा रंग थोडा उतरतोच, आणि कापून काढताना तो पूर्ण जात नाही. उजेड त्याच बाजूने, खिडकीचा घ्यावा. कॅमेरा मूळ फोटोत ज्या उंचीवर होता त्याच उंचीवर धरावा. मोबाइल असेल तर दोनेक मीटर मागे सरून झूम करावं. अगदी जवळून काढलेल्या फोटोत पुढचा हात मोठा आणि खांदे लहान येतात. आजोबा शालीचं टोक कुठल्या खांद्यावरून पुढे घेत, हे घरच्यांना आधी विचारून घ्यावं. दोन्ही टोकं सारखी लोंबत ठेवू नयेत. घातलेली शाल एका बाजूला थोडी खाली सरकतेच, आणि पांघरल्याचा खरेपणा त्या सरकण्यातही असतो.

आता फोटोशॉप. शाल कापून आजोबांच्या फोटोवर आणली की Puppet Warp मध्ये त्याच पाच जागांवर पिना लावायच्या आणि प्रत्येक पिन आजोबांच्या मानेवर, खांद्यांवर, कोपरांवर आणून ठेवायची. हे सरकवणं थोडंच असावं. ताण जास्त झाल्याची खूण जरीच्या काठात सापडते. खऱ्या शालीचा काठ चुणीत शिरतो, दिसेनासा होतो आणि पुढे थोडा सरकून बाहेर येतो, पण त्याची रुंदी तशीच राहते. एका खांद्यावर काठ जाड आणि दुसऱ्यावर बारीक दिसू लागला, तर ओढाताण थांबवून नवा फोटो काढलेला बरा.

शाल सगळ्यात वर नसते, हेही पुष्कळदा विसरलं जातं. शर्टाची कॉलर तिच्यावर येते, मांडीवरचा पंजा तिच्या बाहेर असतो, टोपीखालचे मानेवरचे केस तिच्या काठावर उतरतात. तेवढ्या जागी मास्क लावून मूळ फोटो पुन्हा दिसू द्यायचा. शालीला जाडीही असते. लोकरीची शाल पांघरली की खांद्याची बाहेरची रेषा किंचित रुंद होते. शाल शर्टाच्या रेषेवर तंतोतंत बसवली तर ती रंगवल्यासारखी दिसते.

मग सावली, आणि तिला घाई चालत नाही. शाल शर्टाला जिथे टेकते तिथे तिच्या कडेखाली बारीक, गडद रेषा हवी. कड अंगापासून सुटलेली असेल तिथे सावली फिकट, पसरट आणि उजेडाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे या फोटोत उजवीकडे सरकलेली. दोन्ही सावल्या वेगवेगळ्या लेयरवर Multiply मध्ये ठेवाव्यात. रंग काळा घेऊ नये. त्याच शर्टाच्या सर्वांत गडद चुणीतून उचलावा. जुन्या प्रिंटमध्ये तो बहुधा तपकिरीकडे झुकलेला असतो. शाल गडद लाल असेल तर तिचा हलका लालसरपणा पांढऱ्या कॉलरवर आणि हनुवटीखाली पडतो. तो अगदी पुसट घालावा, पण घालावाच. शाल अंगावर आल्यासारखी वाटते ती त्याने.

शेवटी जुन्या फोटोचं जुनेपण शालीला द्यावं लागतं. प्रिंट विटला की त्यातला काळा रंग करडा होतो. मोबाइलवर काढलेल्या शालीतला काळा मात्र कुळकुळीत असतो. Curves मध्ये डावीकडचा खालचा बिंदू वर उचलला की दोन्ही काळे जुळतात. मग शाल चेहऱ्याइतकीच धूसर करावी, प्रिंटला दाणा असेल तर तोही थोडा द्यावा. चेहऱ्याहून शाल स्पष्ट राहिली की नजर शालीवरच अडकते.

हे सगळीकडे जमत नाही. पासपोर्ट फोटोत खांद्यांची टोकं चौकटीबाहेर असतात, तेव्हा लोंबणाऱ्या चुण्या दाखवायला जागाच नसते. तिथे गळ्यालगत अरुंद घडीचं उपरणं शोभतं. शिफॉनच्या झिरझिरीत स्टोलमधून खालचा कपडा दिसावा लागतो, आणि ते काम निराळंच आहे.

तपासायला फोटो आडवा उलटा करून पाहावा. सवयीची बाजू बदलली की वर चढलेला खांदा किंवा चुकीच्या दिशेची सावली लगेच दिसते. लॅबला पाठवण्याआधी मॅट कागदावर छोटा प्रिंट काढून घ्यावा. पडद्याच्या मानाने कागदावर गडद भाग आणखी गडद येतात, आणि कडेखालची ती बारीक सावली जाड काळी रेघ होऊन बसते. तसं झालं तर त्या लेयरची Opacity कमी करून पुन्हा प्रिंट काढावा.