जादा गेलेले पैसे: परतावा मागावा की क्रेडिट नोट?

पुरवठादाराला देण्यापेक्षा जास्त पैसे जातात ते दोन प्रकारे. पहिल्या प्रकारात बिल बरोबर असते आणि पैसे भरताना चूक होते: एकाच बिलाचे पैसे दोनदा जातात, रकमेतला आकडा चुकतो किंवा सारख्या नावाच्या दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या खात्यात रक्कम पडते. दुसऱ्या प्रकारात पैसे बिलाप्रमाणेच भरलेले असतात, पण बिलच चुकलेले असते: ठरल्यापेक्षा दर जास्त लागलेला असतो, न आलेला माल मोजलेला असतो किंवा जीएसटीचा दर चुकीचा असतो. दोन्हीकडे खरेदीदाराच्या खिशातून जादा पैसे गेलेले असले, तरी ते परत मिळवण्याचे मार्ग वेगळे आहेत. पैसे भरताना चूक झाली असेल तर परतावा मागायचा किंवा रक्कम पुढच्या बिलात वळती करायला सांगायची. बिलात चूक असेल तर क्रेडिट नोट मागायची.

एका उदाहरणातून हे स्पष्ट होईल. साताऱ्यातल्या एका इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानाने पुण्याच्या वितरकाकडून वायरचे ४० कॉइल मागवले. दर ठरला होता कॉइलमागे १,८०० रुपये. २ जूनच्या बिलात मात्र १,८८० रुपये दर लागला. मालाची किंमत ७५,२०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १३,५३६ रुपये, एकूण ८८,७३६ रुपये. दुकानाने ही रक्कम २० जूनला एनईएफटीने भरली. जुलैच्या सुरुवातीला वितरकाकडून थकबाकीची यादी आली. ती आधीच तयार झालेली असल्यामुळे हे बिल तिच्यात बाकी दिसत होते. दुकानातल्या माणसाने ७ जुलैला तेच ८८,७३६ रुपये पुन्हा पाठवले. महिनाअखेरीस खाते जुळवताना दोन्ही गोष्टी उघड झाल्या. बिल ठरल्या दराने निघाले असते तर मालाचे ७२,००० आणि कराचे १२,९६० मिळून ८४,९६० रुपये द्यायचे होते. प्रत्यक्षात गेले १,७७,४७२. म्हणजे ९२,५१२ रुपये जादा गेले.

या ९२,५१२ रुपयांची एकच मागणी केली तर घोटाळा होतो. यातले ८८,७३६ रुपये दुसऱ्यांदा भरल्यामुळे गेले आणि त्यांच्यामागे कोणताही माल नाही. उरलेले ३,७७६ रुपये चुकीच्या दरामुळे गेले: ४० कॉइलचे प्रत्येकी ८० प्रमाणे ३,२०० रुपये आणि त्यावरचा ५७६ रुपये कर. पहिल्या रकमेसाठी परतावा आणि दुसरीसाठी क्रेडिट नोट हवी.

यामागे जीएसटी कायद्याचे कलम ३४ आहे. बिलातली किंमत किंवा कर जास्त लागला असेल, माल परत गेला असेल किंवा तो कमी भरला असेल, तर विक्रेता क्रेडिट नोट काढू शकतो. ती विक्री कमी करणारी नोंद असते. विक्रेता ती आपल्या विवरणपत्रात दाखवतो, त्याचा कर तेवढा कमी होतो आणि खरेदीदाराने घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट त्याच प्रमाणात परत करावे लागते. आपल्या उदाहरणात ३,७७६ रुपयांची क्रेडिट नोट निघाली की दुकानाने ५७६ रुपयांचे क्रेडिट सोडायचे. पण दोनदा भरलेल्या ८८,७३६ रुपयांसाठी जीएसटीची क्रेडिट नोट निघाली, तर कागदोपत्री पूर्ण विक्रीच रद्द होते. प्रत्यक्ष माल आलेला असूनही दुकानाला १३,५३६ रुपयांच्या क्रेडिटवर पाणी सोडावे लागते आणि वितरकाची विक्री खोटी कमी दिसते. दुसऱ्यांदा आलेले पैसे म्हणजे विक्री नव्हे. त्यांचा कराशी संबंध नाही, ते फक्त परत करायचे असतात.

क्रेडिट नोटेला मुदतही आहे. ज्या आर्थिक वर्षातला माल असेल, ते वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा विक्रेत्याने वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर त्या तारखेपर्यंतच, ती विवरणपत्रात दाखवून कर कमी करता येतो. ही मुदत टळली की विक्रेता कर न धरता साधी व्यापारी क्रेडिट नोट देऊ शकतो, पण कराचा ५७६ रुपयांचा भाग त्याला सरकारकडून परत मिळत नाही आणि तो सोसायचा कोणी यावर वाद होतो. म्हणून दराची चूक दिसली की लगेच कळवणे दोघांच्याही हिताचे असते.

कळवण्यापूर्वी आपली बाजू तपासून घ्यावी लागते. दोनदा भरल्यासारखी दिसणारी रक्कम कधी कधी तशी नसते. पहिली एनईएफटी खाते क्रमांक चुकल्यामुळे परत आलेली असते आणि बँकेच्या उताऱ्यात एक-दोन दिवसांनी तीच रक्कम जमा झालेली दिसते. कधी सारख्याच रकमेची दोन वेगळी बिले असतात. कधी बिलाची नोंद राहून गेलेली असते आणि त्यामुळे भरलेले पैसे जादा वाटतात. यासाठी पुरवठादाराकडून त्याच्या वहीतला आपला खातेउतारा मागवून तो आपल्या खात्याशी ओळीने ताडून पाहावा. पुरवठादाराच्या खात्याला एरवी जमा बाकी असते. ती नावे बाकी झाली, म्हणजे आपलेच त्याच्याकडे येणे दिसू लागले, की जादा पैसे गेल्याची ती खूण असते. मात्र पैसे भरल्याची नोंद बिल क्रमांक न घालता नुसती खात्यावर टाकलेली असेल, आणि दुसरी बिलेही बाकी असतील, तर जादा रक्कम त्यांच्यात मिसळून जाते व नावे बाकी कधी दिसतच नाही. दोनदा भरलेले पैसे महिनोन्महिने लपून राहतात ते बहुतेक यामुळेच.

खात्री झाली की आधी फोन करावा, पण मागणी लेखीच पाठवावी. पत्र किंवा ईमेल पुरवठादाराच्या हिशोब विभागाला जावे आणि आपल्या ओळखीच्या विक्री प्रतिनिधीला त्याची प्रत द्यावी. मजकुरात बिलाचा क्रमांक व तारीख, दोन्ही भरण्यांच्या तारखा व बँकेचे यूटीआर क्रमांक, जादा रकमेचा हिशोब आणि नेमकी मागणी असावी. वरच्या उदाहरणातले पत्र साधारण असे होईल:

महोदय,

विषय: बिल क्र. ४१२, दि. २ जून – जादा गेलेल्या रकमेबाबत

आपल्या वरील बिलाचे ८८,७३६ रुपये आम्ही २० जूनला भरले होते. आमच्या नजरचुकीने तीच रक्कम ७ जुलैला पुन्हा आपल्या खात्यात गेली आहे. दोन्ही भरण्यांचे यूटीआर क्रमांक सोबतच्या बँक उताऱ्यात आहेत. दुसऱ्यांदा गेलेले ८८,७३६ रुपये, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात कृपया परत करावेत.

याच बिलात कॉइलचा दर १,८०० ऐवजी १,८८० रुपये लागला आहे. ४० कॉइलवरील फरक ३,२०० रुपये व त्यावरील जीएसटी ५७६ रुपये, असे एकूण ३,७७६ रुपये होतात. या रकमेची क्रेडिट नोट कृपया द्यावी. ऑर्डरची प्रत सोबत जोडली आहे.

आपल्या नोंदीत काही वेगळे दिसत असल्यास कृपया ३१ जुलैपर्यंत कळवावे.

या पत्रात आपली चूक आणि वितरकाची चूक वेगवेगळ्या परिच्छेदांत सांगितली आहे. त्यामुळे समोरच्या हिशोबनीसाला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासता येतात, आणि दराच्या फरकावर चर्चा लांबली तरी परताव्याचे काम अडत नाही. दोष देणारी भाषा त्यात नाही, कारण दुसऱ्यांदा पैसे पाठवण्यात वितरकाचा काही हात नव्हता.

यावर पुरवठादाराचे उत्तर बहुतेक वेळा असे येते की रक्कम पुढच्या बिलात वळती करून घेऊ. नेहमीचा व्यवहार असेल आणि महिन्याभरात तेवढा माल लागणार असेल, तर हे सोयीचे असते. मग वळती होणारी रक्कम आणि बिलांचे क्रमांक लेखी घ्यावेत. खरेदी क्वचितच होत असेल, रक्कम मोठी असेल किंवा पुरवठादाराची स्थिती डळमळीत वाटत असेल, तर परतावाच मागावा. पुरवठादार दिवाळखोरीत गेला तर त्याच्याकडे पडून राहिलेली रक्कम विनातारण येणे ठरते आणि तारण असलेल्या बँकांच्या मागे तिचा नंबर लागतो. सेवा देणाऱ्या व्यावसायिकाकडे जादा रक्कम आगाऊ म्हणून ठेवताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मालाच्या आगाऊ रकमेवर सहसा जीएसटी लागत नाही, सेवेच्या आगाऊ रकमेवर मात्र ती मिळताच लागू होतो.

पैसे परत करणाऱ्यानेही सावध राहावे. ‘चुकून जास्त पैसे पाठवले, परत करा’ असे सांगून खोटी पावती दाखवणे हा फसवणुकीचा जुना मार्ग आहे. म्हणून रक्कम आपल्या बँक खात्यात खरोखर जमा झाली आहे का ते पाहावे, ग्राहकाच्या आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी आणि पैसे आले त्याच खात्यात परत पाठवावेत. दुसऱ्या खात्यात किंवा रोखीने मागणी झाली तर थांबावे. प्रामाणिक खरेदीदाराची या तपासणीला हरकत नसते.

पुरवठादाराने टाळाटाळ केली तरी खरेदीदाराची बाजू कायद्याने भक्कम आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेले पैसे परत करणे बंधनकारक आहे. त्या कलमाखाली दिलेले एक उदाहरण दोनदा भरण्याचेच आहे: दोघांवर मिळून शंभर रुपयांचे देणे आहे, एकाने ते फेडले, हे माहीत नसलेल्या दुसऱ्याने पुन्हा फेडले, तर घेणाऱ्याने ते त्याला परत केले पाहिजेत. चूक पैसे देणाऱ्याची होती, एवढ्या कारणाने ते ठेवून घेता येत नाहीत. दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची आहे. चुकीमुळे गेलेल्या पैशांच्या बाबतीत ती चूक लक्षात आल्यापासून, किंवा योग्य काळजी घेतली असती तर ज्या दिवशी लक्षात आली असती तेव्हापासून, मोजली जाते. वर्षानुवर्षे खाते न जुळवणाऱ्याला त्यामुळे या सवलतीचा फायदा मिळेलच असे नाही. पत्र, स्मरणपत्र आणि मग वकिलाची नोटीस हा क्रम रूढ आहे आणि नेहमीच्या व्यापारी संबंधात बहुतेक प्रकरणे स्मरणपत्राच्या पुढे जात नाहीत.

पैसे आल्यावर नोंदी पूर्ण कराव्या लागतात. परतावा बँकेत जमा होताच पुरवठादाराच्या खात्यात जमा करायचा. क्रेडिट नोट जीएसटी पोर्टलवर दिसू लागली की ती पाहून स्वीकारायची. नजरचुकीने ती नाकारली तर तो कर पुन्हा पुरवठादाराच्या माथी येतो आणि नवा पत्रव्यवहार सुरू होतो. क्रेडिट नोट मिळाली तरी बिलाचे पूर्ण पैसे आधीच गेलेले असल्यामुळे ३,७७६ रुपये अजून येणे असतात. ते पुढच्या बिलात वळते झाले किंवा बँकेत परत आले, हे वेगळे पाहावे लागते. शेवटी दोघांनी एकमेकांचे खातेउतारे पुन्हा ताडून बाकी मान्य असल्याचे लेखी द्यावे. दोन्ही वह्यांतली बाकी एकच दिसली, की हे प्रकरण मिटले असे समजावे.