धड दिसणारं जाळं रोज का मोडतं?

‘जाळं फाटतं म्हणून कोळीण नवं विणते’ हे उत्तर माझ्या आठ वर्षांच्या भाचीला पटलं नाही. आदल्या संध्याकाळी जाळ्याला जेमतेम दोन-तीन भोकं होती. तरी सकाळी जास्वंदीवर त्याच जागी नवंकोरं जाळं, आणि मधोमध डोकं खाली करून बसलेली तीच पिवळ्या पट्ट्यांची कोळीण. पावसाळा सरताना आपल्याकडे बागांमध्ये हमखास दिसणारी ही आर्जिओपी; जाळ्याच्या मध्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा काढते ती.

मग भाचीने गवताची काडी घेतली. मध्यापासून कडेला जाणाऱ्या ताठ धाग्यांना ती चिकटली नाही. गोल फिरत गेलेल्या धाग्याला लावली, तेव्हा मात्र काडी मागे घेताना धागा रबरासारखा ताणत सोबत आला. भिंगातून पाहिलं तर या गोल धाग्यावर डिंकाचे बारीक थेंब ओळीने बसलेले. संध्याकाळी हाच प्रयोग केला, तर काडी बहुतेक ठिकाणी सहज सुटून आली आणि थेंबांवर धूळ दिसली.

उत्तर इथेच आहे. या डिंकात चिकट प्रथिनं असतात आणि हवेतलं बाष्प ओढून त्यांना ओलसर ठेवणारे क्षारही. दिवसभरात त्यावर धूळ आणि परागकण बसतात, धडपडणारे किडे तो पुसून नेतात. जाळं डोळ्यांना धड दिसतं, पण त्यावर आदळलेली माशी निसटून जाते.

पण रोज एवढं रेशीम आणायचं कुठून? पहाटे अंधारात टॉर्च घेऊन गेलात तर कळतं. कोळीण जुने धागे पायांनी गोळा करते आणि चक्क खाते. बाहेरच्या चौकटीचे मजबूत धागे बरेचदा तसेच ठेवते. १९७१ मध्ये डेव्हिड पीकॉल यांनी युरोपातल्या बागेतल्या कोळ्यांच्या रेशमाला किरणोत्सारी खूण केली आणि ते खाल्ल्यावर खुणेचं पुढे काय होतं ते पाहिलं. ८० टक्क्यांहून अधिक खूण नव्या जाळ्यात उतरली होती, तीही काही वेळा अर्ध्या तासात! म्हणजे मोडून विणण्यात कोळिणीचं प्रथिन फारसं वाया जात नाही. कष्ट मात्र होतात.

म्हणूनच गरज नसेल तेव्हा ती विणत नाही. एका सकाळी जाळं कालचंच, कळकट दिसलं. कोळीण मेली असं वाटून भाची रडवेली झाली. जवळून पाहिलं तर धाग्याला पोकळ, पायांसकट अखंड कात लटकत होती आणि शेजारी कोळीण फिकट अंगाने निश्चल. कात टाकल्यावर अंग काही काळ मऊ असतं. तेव्हा मोठा किडा अडकला तर त्याला आवरताना तीच जखमी व्हायची. अंग टणक झालं की ती पुन्हा विणायला लागते.