सव्वासात वाजता दूध घटतं

एका तालुका दूध संघासाठी डॅशबोर्ड करून दिला, तेव्हा व्यवस्थापकांची एकच मागणी होती: आकडे मिनिटामिनिटाला बदलले पाहिजेत. मीही हौसेनं तसं करून दिलं. चौथ्या दिवशी सकाळी सव्वासातला त्यांचा फोन आला, "अहो, दूध साठ टक्क्यांनी घटलंय! गावोगाव फोन लावायला सांगितलेत."

घटलं काहीच नव्हतं. संघाला १२० गावांतल्या संस्था दूध घालतात. शेतकरी सहापासून कॅन घेऊन येतात, वजन आणि फॅट बघून पावती निघते, पण पाळीचा पूर्ण हिशेब सचिव संकलन बंद झाल्यावरच पाठवतात. काहींचा साडेआठला येतो, काहींचा नऊला. सव्वासातला लवकर आटोपणाऱ्या मोजक्या गावांचेच आकडे आले होते. स्क्रीन मात्र त्या अर्ध्यामुर्ध्या बेरजेची तुलना कालच्या पूर्ण सकाळशी करत होती. आकडा ताजा होता, पण अपुरा होता.

मग आम्ही आठवडाभर एक साधी वही ठेवली. एका बाजूला मूळ आकडा खरोखर कधी बदलला ते, दुसऱ्या बाजूला तो बघून कुणी काय वेगळं केलं ते. संकलनाचा आकडा पूर्ण होत होता दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री. त्यावरचा निर्णय, म्हणजे कुठल्या मार्गावर मोठा टँकर पाठवायचा, तोही दोनदाच. आणि आमची यंत्रणा मिनिटाला एकदा या हिशेबानं दिवसात १४४० वेळा डेटाबेसला विचारत होती. ऐन संकलनाच्या वेळी नोंदी करणाऱ्यांचं काम त्यामुळे रखडायचं, ते वेगळंच. आता तो आकडा सकाळी सव्वानऊला आणि रात्री पावणेनऊला ताजा होतो. शेजारी लिहिलेलं असतं: '१२० पैकी ११४ संस्था, ९.०५ पर्यंत'. ही एक ओळ माझ्या मते सगळ्या आलेखांपेक्षा मोलाची आहे.

फॅटची गोष्ट आणखी मजेशीर. संध्याकाळच्या दुधाला सहसा सकाळपेक्षा फॅट जास्त लागतं, कारण सकाळनंतरच्या धारेला मधला वेळ कमी मिळतो. दर पाळीला सरासरी बदलत ठेवली की रेष करवतीसारखी वरखाली होते आणि बघणाऱ्याला वाटतं, सकाळी कुणीतरी पाणी घालतंय! संस्थांची बिलं दहा दिवसांनी निघतात. त्यासाठी दिवसातून एकदा, तेही सकाळची तुलना सकाळशी आणि संध्याकाळची संध्याकाळशी, एवढं पुरतं.

मग मिनिटाचा वेग कुठेच नको का? बल्क कूलरला लागतो. तिथं दूध ४ अंशांपर्यंत थंड करून ठेवतात. थंड झालेलं दूध इन्सुलेशनमुळे वीज गेली तरी बराच वेळ टिकतं. पण कोमट दूध टाकीत ओतलं आणि तेवढ्यात वीज गेली, तर जनरेटर लवकर सुरू करायला हवा. संघानं त्यासाठी अर्ध्या तासाची मर्यादा ठरवली होती. मर्यादा अर्ध्या तासाची असेल तर खबर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे दहा मिनिटांत पोचावी, म्हणजे उरलेल्या वीस मिनिटांत माणूस टाकीपाशी पोचतो.

इथंच आमची दुसरी चूक सापडली. स्क्रीन मिनिटाला ताजी होत होती, पण तापमापक दर ५ मिनिटांनी नोंद पाठवायचा आणि त्या नोंदी डेटाबेसमध्ये दर १५ मिनिटांनी चढायच्या. हे उशीर एकमेकांत मिळत जातात. वाईटात वाईट वेळी खबर पोचायला ५ अधिक १५ अधिक १, म्हणजे २१ मिनिटं. स्क्रीन सेकंदाला ताजी केली असती, तरी २० मिनिटं लागलीच असती. नोंदी चढवण्याचं काम तीन मिनिटांवर आणलं, तेव्हा ती ९ मिनिटांवर आली. शिवाय रात्री दोनला स्क्रीनसमोर बसतंय कोण? म्हणून तापमान ठरलेल्या मर्यादेवर गेलं की ऑपरेटरच्या मोबाइलवर संदेश जातो.

व्यवस्थापकांना सुरुवातीला हे रुचलं नाही. स्क्रीन 'मेली' असं ते म्हणायचे. संचालक मंडळाच्या पाहुण्यांसमोर हलते आकडे शोभून दिसतात, हेही खरंच. पण सकाळी सातचे फोन बंद झाले.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा बोर्ड असेल. त्याच्या कोपऱ्यात मूळ माहिती शेवटची कधी आली ती वेळ आहे का, ते उद्या बघा. स्क्रीन कधी ताजी झाली ती वेळ नव्हे, माहिती आल्याची वेळ.