पंचवीस शब्दांतलं निधन

कुंडम जबलपूर जिल्ह्यात, पण शहरापासून दूर. तिथल्या मराठी घरात कुणी गेलं, तर पेपरातली बातमी यायच्या आत अंत्यविधी उरकलेला असतो. त्यामुळे जाहिरातीचं खरं काम असतं तेरावं कळवायचं. हे एकदा पटलं की कात्री नीट चालते.

जबलपूरचे पेपर हिंदी, म्हणून मजकूरही हिंदीत. पैसे शब्दागणिक. दर प्रत्येक ठिकाणी वेगळा. समजा वीस रुपये शब्द आणि घरातल्यांची तयारी पाचशेची. म्हणजे पंचवीस शब्द.

शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या मुलाने मसुदा आणला, तो असा सुरू होत होता: 'अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है कि'. नऊ शब्द, एकशे ऐंशी रुपये, आणि कोण गेलं ते अजून कळलेलं नाही! त्या जागी 'निधन' एवढं पुरतं. हिंदीत 'का', 'को', 'में', 'के' सुटे लिहितात, म्हणून प्रत्येकाचे पैसे लागतात. मराठीत 'कुंडमला' हा एकच शब्द, तिथे 'कुंडम में' दोन. म्हणून वाक्य मोडायचं आणि स्वल्पविराम द्यायचे. विरामचिन्हांना सहसा पैसे पडत नाहीत, पण हे आधी विचारून घ्यावं. तारखेतला आकडा, आद्याक्षरं, फोन नंबर हे कसे मोजतात, तेही.

"काका, शोकाकुलमध्ये आम्हा सगळ्यांची नावं हवीत," मुलगा म्हणाला. भांडण नेहमी इथेच होतं. सात नावं घातली की तेराव्याची वेळ बसत नाही. मी 'समस्त परिवार' सुचवलं; त्यात कुणीच राहून जात नाही. 'पूज्य' आणि 'स्वर्गीय' गेले. 'मास्टरजी' मात्र ठेवला, कारण गावात त्यांना आडनावाने ओळखणारे थोडेच होते.

शेवटी राहिलं ते असं (नाव मी बदललंय):

'निधन: अमुक तमुक (मास्टरजी), 78, सेवानिवृत्त शिक्षक, कुंडम, 3 मार्च। तेरहवीं: 15 मार्च, शुक्रवार, दोपहर 12 बजे, निवास, बस स्टैंड। संपर्क: (नंबर)। शोकाकुल: समस्त परिवार।'

पंचवीस भरले. 'शुक्रवार' काढला तर वीस रुपये वाचले असते, पण तो राखणीला आहे: छपाईत 15 चे 16 झाले, तर वाराशी जुळत नाही आणि वाचणारा फोन करून विचारतो. 'आज' किंवा 'कल' मात्र कधीच लिहू नये; जाहिरात एक दिवस उशिरा छापली की तेच शब्द खोटे ठरतात.

पैसे भरण्याआधी काउंटरवरच्या माणसाकडून फोन नंबर आकड्यागणिक वाचून घ्या. तो चुकला, तर बाकीचे चोवीस शब्द बरोबर असूनही विचारायला जागा उरत नाही.